ऋणनिर्देशातून गळालेली माणसे : एका प्रबंधाच्या संपादनाचा प्रकरण अभ्यास

प्रबंध सादर करायला अकरा दिवस उरले असताना त्याचा ऋणनिर्देश माझ्याकडे आला. प्रबंध मराठीतला होता. पाळी बदलताना परिचारिका एकमेकींना रुग्णांची माहिती कशी देतात, त्यात काय सांगतात आणि काय गाळतात, हा त्याचा विषय होता. मधल्या प्रकरणांचे भाषिक संपादन मी आधीच करून दिले होते, त्यामुळे संशोधक बाई सहज म्हणाल्या, "ताई, ऋणनिर्देशाचं शुद्धलेखन तेवढं बघा, बाकी तो मनापासून लिहिलाय." तो मनापासून लिहिलेला होता यात शंका नव्हती. मात्र शुद्धलेखन तपासण्यापुरता तो वाचून होताच माझ्या लक्षात आले की या साडेतीन पानांमुळे निदान चार माणसे दुखावतील, एक वचन मोडेल आणि एक जुना वाद उगाच चव्हाट्यावर येईल. त्या अकरा दिवसांत काय केले आणि काय करायचे राहून गेले, ते येथे क्रमाने मांडत आहे. संशोधक बाईंच्या संमतीने ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मसुदा ११८० शब्दांचा होता. कोणत्याही ऋणनिर्देशात मी पहिल्यांदा शब्द मोजते, कारण लिहिणाऱ्याला ते प्रमाण दिसत नाही आणि ज्यांची नावे त्यात असतात त्यांना ते लगेच दिसते. येथे ज्ञानसाधनेवरच्या चिंतनाला १२६ शब्द, सध्याच्या मार्गदर्शकांना २६२, कुटुंबाला ३८८ आणि मित्रमंडळींना २१४ शब्द मिळाले होते. रुग्णालय आणि परिचारिका यांच्या वाट्याला ९६ शब्द आले होते. ग्रंथालय, कार्यालय आणि तांत्रिक साहाय्य या सगळ्यांची बोळवण ३१ शब्दांच्या एकाच वाक्यात झाली होती. सहमार्गदर्शकांना १८ शब्द होते. उरलेले ४५ शब्द 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे' या ठरलेल्या समारोपात खर्ची पडले होते. प्रबंधासाठी अडीच वर्षे ज्या संस्थेची अभ्यासवृत्ती मिळाली, तिचा उल्लेख एकाही शब्दात नव्हता.

शब्दसंख्या म्हणजे कृतज्ञतेचे वजन नव्हे, हे मलाही मान्य आहे. घरच्यांविषयी लिहिताना हात सैल सुटतो आणि कार्यालयाविषयी लिहिताना आखडतो, हे स्वाभाविक आहे. पण शीर्षकपृष्ठावर दोन मार्गदर्शकांची नावे शेजारी छापलेली असताना चार पाने उलटताच एकाला २६२ आणि दुसऱ्याला १८ शब्द मिळाले, तर वाचणारा त्याचा अर्थ लावतोच. या प्रबंधातील चौथ्या प्रकरणाची विश्लेषणपद्धती सहमार्गदर्शकांनी शिकवली होती, आणि तिसरे व चौथे प्रकरण त्यांनी दोनदा वाचून दिले होते. हे मी संशोधक बाईंना विचारून घेतले नाही. संपादन करताना त्या फायलींच्या समासातले त्यांचे शेरे मला दिसत होते.

मदतीची यादी आठवणीतून करू नये

ऋणनिर्देश बहुधा शेवटच्या आठवड्यात, थकलेल्या अवस्थेत आणि निव्वळ आठवणीच्या भरवशावर लिहिला जातो. आठवणीत अलीकडची माणसे आणि प्रेमाची माणसे राहतात. सुरुवातीच्या वर्षांत कामाला आलेली आणि ज्यांच्याशी फक्त कामापुरता संबंध आला, अशी माणसे तिथून गळतात. म्हणून मसुद्याला हात लावण्यापूर्वी मी संशोधक बाईंना एक वेगळी यादी करायला सांगितले. त्या यादीत नाव, नेमके काय केले, त्या मदतीचा परिणाम प्रबंधात कुठे दिसतो आणि नाव छापण्यास त्या व्यक्तीची संमती आहे का, असे चार रकाने होते. यादी आठवून भरायची नाही, कागद पाहून भरायची, अशी अट मी घातली होती. शीर्षकपृष्ठ, नोंदणीचे पत्र, नीतिसमितीची मान्यता, अभ्यासवृत्तीचे मंजुरीपत्र, परिशिष्टे आणि जुने ईमेल हे ते कागद.

त्यांना पहिल्या फेरीत एकोणचाळीस नावे मिळाली, आणि त्यातली बहुतेक मसुद्यात आधीच होती. मग मी माझी नेहमीची युक्ती वापरली. मी पद्धतिशास्त्राचे प्रकरण उघडले आणि 'करण्यात आले', 'केले गेले', 'करून घेतले', 'तपासण्यात आले' अशा रचना एकामागोमाग शोधत गेले. प्रबंधाच्या औपचारिक मराठीत कर्ता गाळण्याची सवय असते. ती शैली म्हणून खपून जाते, पण अशा प्रत्येक क्रियापदामागे कुणीतरी माणूस बसलेला असतो. काही ठिकाणी तो माणूस स्वतः संशोधकच असतो आणि तिथे प्रश्न मिटतो. बाकीच्या ठिकाणी "हे कुणी केले?" असे विचारावे लागते.

या प्रकरणात अशी तेवीस वाक्ये सापडली आणि त्यांतल्या तीन वाक्यांमागे यादीत नसलेली माणसे निघाली. "एकसष्ट ध्वनिमुद्रणांचे शब्दांकन करून घेतले" या वाक्यामागे एक शब्दांकनकार होत्या. रात्रपाळीच्या गोंगाटात, तीन-तीन आवाज एकमेकांवर चढलेले असताना, कोण काय बोलले ते त्यांनी सात महिने ऐकून लिहून काढले होते. "निवडक उताऱ्यांचे स्वतंत्र संकेतन करण्यात आले" या वाक्यामागे एक सहाध्यायी होते. संशोधकाने उताऱ्यांना दिलेले संकेत दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे दिले तरी जुळतात का, हे तपासण्यासाठी त्यांनी पाच दिवस विनामूल्य दिले होते. "सारण्यांची पडताळणी केली गेली" या वाक्यामागे संख्याशास्त्राच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या.

शब्दांकनकारांचे नाव का नाही असे विचारल्यावर संशोधक बाई म्हणाल्या, "त्यांना मी पैसे दिले होते." हे उत्तर मला अनेकदा ऐकायला मिळते आणि ते पटण्यासारखेही वाटते. पण मोबदला देणे ही व्यवहाराची बाब आहे, आणि प्रबंधात कुणाच्या कामाचा वाटा किती हे वाचकाला सांगणे ही वेगळी बाब आहे. एकसष्ट ध्वनिमुद्रणांचा मजकूर दुसऱ्याच्या कानांतून आलेला आहे हे वाचकाला कळले पाहिजे, कारण सगळे विश्लेषण त्या मजकुरावरच उभे आहे. विनामूल्य आणि समोबदला असे दोन वर्ग करून समोबदला मदत वगळली, तर आधार दिलेली माणसे उरतात आणि काम केलेली गायब होतात. मोबदला दिला होता हे लिहिण्याचीही गरज नसते. त्यांनी काय काम केले तेवढे लिहावे.

माझ्या स्वतःच्या नावाचा प्रश्नही इथेच आला. संशोधक बाईंनी माझ्यासाठी तीन ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांत 'प्रबंधाला नवे रूप दिले' असे म्हटले होते. कौतुक ऐकायला कुणालाही आवडते. पण परीक्षकाने ते वाक्य वाचले तर प्रबंध नेमका कुणी लिहिला असा प्रश्न त्याच्या मनात येईल, आणि तो प्रश्न रास्तच ठरेल. व्यावसायिक संपादकाची मदत घेतली असल्यास ती आणि तिची व्याप्ती उघड करावी, अशी अपेक्षा अनेक विद्यापीठे ठेवतात. म्हणून त्या तीन ओळींच्या जागी एवढेच उरले : "दुसऱ्या ते सहाव्या प्रकरणांचे शुद्धलेखन व वाक्यरचना यांपुरते संपादन … यांनी केले."

पहिल्या मार्गदर्शकांचा प्रश्न

यादी पुरी झाल्यावर खरा अवघड भाग समोर आला. नोंदणीनंतर पहिले बावीस महिने संशोधक बाईंचे मार्गदर्शन दुसऱ्या एका प्राध्यापिका करत होत्या. मग मतभेद झाले, पत्रापत्री झाली आणि मार्गदर्शक बदलले. मसुद्यात त्या प्राध्यापिकांचे नाव कुठेच नव्हते. त्या मात्र नावाशिवायही मसुद्यात हजर होत्या. सध्याच्या मार्गदर्शकांविषयीच्या परिच्छेदात पुढील दोन वाक्ये होती :

"सर्वांनी साथ सोडली असताना सरांनी मला त्या कठीण परिस्थितीतून बाहेर काढले. त्यांच्या रूपाने मला पहिल्यांदाच खरा मार्गदर्शक लाभला."

लिहिणाऱ्या बाईंच्या मते ही सरांची स्तुती होती. विभागातला कुणीही ती वाचेल तेव्हा त्याला 'सर्वांनी' म्हणजे कोणी आणि 'खरा' म्हणजे कोणाच्या तुलनेत, हे आधी कळेल आणि स्तुती नंतर कळेल. सरांनाही ते अडचणीचे होते, कारण त्या प्राध्यापिका त्यांच्या सहकारी होत्या. एखाद्याचे आभार मानताना दुसऱ्याला कमी लेखणारे शब्द ओळखण्याची माझी एक साधी रीत आहे. 'पहिल्यांदाच', 'खरा', 'तरीही', 'एकमेव', 'निदान' असे शब्द दिसले की त्यांना खूण करायची, आणि तो शब्द काढल्यावर वाक्यातली कृतज्ञता कमी होते का ते पाहायचे. इथे ती कमी झाली नाही.

नाव पूर्णपणे गाळणे हा एक पर्याय होता आणि संशोधक बाईंचा कल त्याकडेच होता. त्या म्हणाल्या, "खोटे आभार मी मानणार नाही." त्यांच्या या भूमिकेबद्दल मला आदर वाटला, म्हणून मी त्यांना औदार्याचे धडे दिले नाहीत. परिशिष्टात जोडलेले नीतिसमितीचे मान्यतापत्र मी त्यांच्यासमोर ठेवले. त्यात मार्गदर्शक म्हणून त्या प्राध्यापिकांचेच नाव होते. म्हणजे परीक्षकाला ते नाव परिशिष्टात दिसणार, शीर्षकपृष्ठावर दिसणार नाही आणि ऋणनिर्देशातही सापडणार नाही. त्यातून मौखिक परीक्षेत एक अनावश्यक प्रश्न उभा राहिला असता. नाव गाळल्याने वाद झाकला जात नव्हता, उलट त्याच्याकडे बोट दाखवले जात होते.

मी त्यांना विचारले, "त्या बावीस महिन्यांत तयार झालेले आणि आजही प्रबंधात असलेले असे काय आहे?" विचार करून त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या : विषयाची पहिली मांडणी, नीतिसमितीकडे केलेला अर्ज, आणि दुसऱ्या प्रकरणात वापरलेले वाचन. पैकी तिसरी गोष्ट त्यांनी जरा नाखुशीनेच सांगितली. मग त्यांनीच लिहिले :

"या विषयाची पहिली मांडणी आणि नीतिसमितीसाठीचा अर्ज डॉ. … यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. त्यांनी सुचवलेल्या वाचनाचा उपयोग दुसऱ्या प्रकरणात झाला आहे. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे."

या तीन वाक्यांत स्तुतीचे एकही विशेषण नाही, आणि त्यातील प्रत्येक विधान कागदावर दाखवता येते. पहिल्या खर्ड्यात 'सुरुवातीचा काही काळ लाभलेल्या मार्गदर्शनाबद्दल' अशी रचना होती. 'काही काळ' हे शब्द निरुपद्रवी दिसतात, पण पुढचा काळ ते लाभले नाही अशी आठवण ते करून देतात. म्हणून कालावधी काढून टाकला आणि काम ठेवले. जागेचाही विचार करावा लागला. सध्याच्या मार्गदर्शकांच्या लगेच पुढे हा परिच्छेद ठेवला असता तर 'आधी हे, मग ते' अशी तुलना झाली असती. शेवटी ठेवला असता तर तो उरकल्यासारखा वाटला असता. म्हणून दोन्ही मार्गदर्शकांचे परिच्छेद संपल्यावर 'हा विषय आकाराला येताना' असा कामाच्या क्रमाने सुरू होणारा एक परिच्छेद केला, आणि त्यात हे ऋण व संकेतन तपासणाऱ्या सहाध्यायांचे ऋण एकत्र घेतले.

प्रत्येक प्रकरणात असा मार्ग निघतोच असे नाही. छळाची किंवा शोषणाची तक्रार झालेली असेल, तर नाव घेण्याचा आग्रह संपादकाने मुळीच धरू नये. तिथे नाव गाळणेच योग्य असते. परिशिष्टातल्या नावाबद्दल प्रश्न आलाच तर 'मार्गदर्शक बदलले' एवढे तोंडी उत्तर पुरते. येथे मात्र वाद कामाच्या पद्धतीवरून झाला होता आणि त्या कामाचा काही भाग प्रबंधात टिकून होता.

नाव घेतल्याने होणारे नुकसान

आभारात नाव नसले की माणूस दुखावतो, हे सर्वांना माहीत असते. नाव छापल्यानेही नुकसान होऊ शकते, ही गोष्ट अनुभवी मार्गदर्शकांच्याही नजरेतून सुटते. मसुद्यात रुग्णालयाचे पूर्ण नाव होते, वॉर्डच्या प्रमुख परिचारिकांचे नाव होते, आणि 'ज्यांनी मन मोकळे केले' अशा दोन परिचारिकांची नावे होती. प्रबंधाच्या आत मात्र रुग्णालयाचा उल्लेख 'एक मोठे सार्वजनिक रुग्णालय' असा होता आणि परिचारिकांना 'परि-१' ते 'परि-१४' अशी सांकेतिक नावे दिली होती. संमतिपत्रात, जे परिशिष्टातच जोडलेले होते, 'आपले नाव वा ओळख पटेल असा तपशील कोठेही प्रसिद्ध केला जाणार नाही' असे लेखी वचन होते.

परि-६ ने मुलाखतीत वरिष्ठांविरुद्ध बरेच स्पष्ट बोलून ठेवले होते. तिच्याबद्दल प्रबंधात 'वीस वर्षांहून अधिक सेवा' एवढाच तपशील होता. पण ऋणनिर्देशातून रुग्णालय कळले, वॉर्ड कळला आणि चौदापैकी दोन नावे कळली, तर त्या वॉर्डातल्या कुणालाही परि-६ कोण हे ओळखायला फार वेळ लागला नसता. संशोधक बाईंना हे कळल्यावर त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी सांगितले की दोघींपैकी एका परिचारिकेने स्वतःच 'माझं नाव नक्की टाका' असे म्हटले होते. तिची संमती खरी असली तरी ती फक्त तिच्यापुरती होती. तिच्या नावावरून वॉर्ड उघड होणार होता, आणि वॉर्ड उघड करायला उरलेल्या तेरा जणींनी संमती दिलेली नव्हती.

म्हणून तिथे एकही नाव ठेवले नाही. 'ज्या चौदा परिचारिकांनी पाळीच्या धावपळीत मला उभे राहू दिले आणि नंतर स्वतःच्या वेळात माझ्याशी बोलल्या, त्यांच्या गोपनीयतेसाठी येथे नावे देत नाही. हा प्रबंध त्यांच्या बोलण्यावर उभा आहे' अशी रचना झाली. नावे न देण्याचे कारण सांगितल्याने ती वगळलेली वाटत नाहीत. रुग्णालयाच्या प्रमुखांनाही पदनामाने न संबोधता 'क्षेत्रकार्यास परवानगी देणाऱ्या प्रशासनाचे' असे म्हटले. परिशिष्टातल्या परवानगीपत्रावरचे रुग्णालयाचे नाव आणि शिक्काही झाकायला सांगितले, कारण पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवण्यात अर्थ नव्हता. सर्व परिचारिकांना हाताने लिहिलेली स्वतंत्र आभारपत्रे द्यावीत असे सुचवले, आणि ती त्यांनी दिली.

संमतीचा मुद्दा केवळ सहभागींपुरता नसतो. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिक संपादक समितीच्या शिफारशी शोधनिबंधांसाठी आहेत, पण त्यांतला तर्क प्रबंधालाही लागू पडतो. आभारात नाव छापले की त्या व्यक्तीला संशोधनातील माहिती आणि निष्कर्ष मान्य आहेत असा समज होऊ शकतो, म्हणून तिची लेखी परवानगी घ्यावी, असे त्या सांगतात. यादीच्या चौथ्या रकान्याचे काम तेच होते. संशोधक बाईंनी प्रत्येकाला 'आपल्याविषयी हे वाक्य छापत आहे, चालेल का?' असा छोटा संदेश त्या वाक्यासह पाठवला. निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिकांनी उत्तर दिले की त्यांनी फक्त दोन सारण्या तपासल्या होत्या, म्हणून 'संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी मार्गदर्शन' असे लिहू नये. वाक्य बदलून 'पाचव्या प्रकरणातील दोन सारण्या तपासून दिल्या' असे झाले. खऱ्यापेक्षा मोठे श्रेय मिळाले तर काही माणसे संकोचतात, हे संदेश पाठवला नसता तर कळले नसते.

अभ्यासवृत्तीचा उल्लेख करणे सर्वांत सोपे काम होते. संस्थेच्या मंजुरीपत्रातच आभाराची वाक्यरचना दिलेली होती. ती अक्षरशः उतरवली, मंजुरी क्रमांक पत्राशी दोनदा ताडून पाहिला, आणि त्याला 'उदार' किंवा 'बहुमोल' असे काहीही जोडले नाही. परीक्षकांचे आगाऊ मानलेले आभार काढून टाकले. प्रबंध ज्यांच्यापुढे निर्णयासाठी जायचा आहे, त्यांना निर्णयापूर्वीच धन्यवाद देणे बरे दिसत नाही.

घरचा परिच्छेद

कुटुंबावरचे ३८८ शब्द मी सर्वांत शेवटी हातात घेतले, कारण तिथे संपादकाला फार थोडा अधिकार असतो. भाषा थोडी अघळपघळ असली तरी ती त्यांची होती. तरीही तीन जागी थांबावे लागले.

पहिली जागा मुलीच्या आजारपणाची होती. रोगाचे नाव, शस्त्रक्रिया आणि त्या काळातल्या मनःस्थितीचे वर्णन असे ते जवळजवळ पाऊण पान होते. प्रबंध विद्यापीठाच्या संग्रहात जातो, तो खुला असतो आणि नावाने शोधता येतो. ती मुलगी आज नऊ वर्षांची आहे. मोठी झाल्यावर आपल्या आजाराची नोंद आईच्या प्रबंधात असावी असे तिला वाटेल की नाही, हे आज कुणालाच ठरवता येत नाही. मी एवढेच विचारले, आणि संशोधक बाईंनी तो मजकूर स्वतः खोडला. त्या जागी 'घरातल्या एका अवघड वर्षात' असे चार शब्द आले.

दुसरी जागा सासूबाईंची होती. आईवर पाच ओळी होत्या आणि त्यापाठोपाठ 'सासरच्या मंडळींनीही सहकार्य केले' असे वाक्य होते. त्यातल्या 'ही'मुळे सासरचा उल्लेख नंतर सुचल्यासारखा आणि उपकारासारखा वाटत होता. मी विचारले तेव्हा कळले की क्षेत्रकार्याच्या रात्री मुलीला सांभाळणाऱ्या सासूबाईच होत्या. एकसष्ट ध्वनिमुद्रणांपैकी बहुतेक रात्रपाळीची असल्याने, त्या नसत्या तर ती झालीच नसती. संशोधक बाई हसून म्हणाल्या, "आईवर लिहिताना डोळ्यांत पाणी आलं आणि मग दमले." नवे वाक्य असे झाले : "रात्रपाळीचे क्षेत्रकार्य चालू असताना मुलीला सासूबाईंनी सांभाळले, म्हणून मी निश्चिंतपणे वॉर्डात उभी राहू शकले." आईच्या पाच ओळींच्या दोन झाल्या. त्यांतली एक, लहानपणी आई वाचून दाखवत असे त्याविषयीची, सगळ्या मजकुरात सर्वांत चांगली होती.

तिसरी जागा पतीविषयीची होती आणि ती निव्वळ भाषेची होती. 'त्यांचे आभार मानून मी त्यांच्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही' हे वाक्य मराठी ऋणनिर्देशांत इतके रुळले आहे की ते वाचताना डोळा थांबतच नाही. त्यात एक अडचणही आहे. एका माणसाच्या ऋणातच राहायचे म्हटले, तर वर ज्यांचे रीतसर आभार मानले त्यांच्या ऋणातून आपण मुक्त झालो, असा अर्थ निघतो. हे काटेकोरपणाचे टोक झाले, असे कुणी म्हणेल. माझी खरी हरकत दुसरीच होती : त्या वाक्यातून पतीने काय केले ते कळत नव्हते. त्यांनी संदर्भसूचीतल्या चारशेवर नोंदी मूळ ग्रंथांशी ताडून पाहिल्या होत्या. तेच लिहिले.

मित्रमंडळींची सतरा नावे आद्याक्षरक्रमाने लावली आणि तसे वाक्यातच सांगितले, म्हणजे क्रमावरून कुणी काही ताडणार नाही. दोघांची फक्त टोपणनावे होती, ती पूर्ण केली. 'ज्ञात-अज्ञात'चा समारोप काढला, कारण यादी कागदांवरून तयार केली असल्याने त्याचा आधार घेण्याची गरज उरली नव्हती. सुरुवातीचे चिंतन एका वाक्यावर आणले. 'राहिलेल्या त्रुटी माझ्या आहेत' हे वाक्य मात्र ठेवले. ते ठरावीक असले तरी त्याला काम आहे : आभार मानलेल्या माणसांवर निष्कर्षांची जबाबदारी येऊ नये, याची काळजी ते घेते.

शेवटचे वाचन नावांचे केले. प्रत्येक नाव ती व्यक्ती स्वतः जसे लिहिते तसे, तिने पाठवलेल्या उत्तरातल्या सहीवरून तपासले. काही ठिकाणी 'डॉ.', काही ठिकाणी 'प्रा. डॉ.', पुरुषांना पदव्या आणि दोन विदुषींना मात्र 'सौ.' असा घोळ होता, तो एकसारखा केला. 'मी त्यांचे आभारी आहे' असे सहा ठिकाणी होते. बोलताना ते चालून जाते, पण इथे लिहिणारी स्त्री असल्याने 'मी त्यांची आभारी आहे' असे हवे. 'मोलाचे' नऊ वेळा आले होते, ते एकदाच राहिले, सहमार्गदर्शकांच्या परिच्छेदात. तो परिच्छेद आता ५८ शब्दांचा झाला होता, आणि मार्गदर्शकांचा ८४. सगळा ऋणनिर्देश ५४० शब्दांचा, म्हणजे दीड पानाचा झाला.

मौखिक परीक्षा झाल्यावर अंतिम प्रतीत बदल करायची मुभा होती. परीक्षकांनी तिसऱ्या प्रकरणात सुचवलेल्या दुरुस्तीबद्दल एक वाक्य तेव्हा घातले. त्याच वेळी संशोधक बाईंचा फोन आला. संमतिपत्राचा मसुदा मूळ इंग्रजीत होता, त्याचा मराठी अनुवाद आणि मग ताळा पाहण्यासाठी पुन्हा इंग्रजी अनुवाद एका शेजारणीने करून दिला होता, आणि तिचे नाव कुठेच नव्हते. मी प्रकरण पुन्हा उघडून पाहिले. तिथे त्याचा उल्लेख नव्हताच. तो परिशिष्टाच्या पहिल्या पानावर, बारीक अक्षरांतल्या टिपेत होता : 'अनुवाद पडताळलेला आहे.' मी 'केले' आणि 'करण्यात आले' शोधत होते, आणि फक्त प्रकरणांतच शोधत होते. हे वाक्य माझ्या जाळ्यात येणे शक्यच नव्हते. शेजारणीचे नाव शब्दांकनकारांच्या नावाशेजारी घातले, आणि तेव्हापासून मी परिशिष्टांतल्या टिपाही त्याच शोधात वाचते.